वरच्या ओळीचं भाडं

डोंबिवलीतलं कुणीतरी रविवारी सकाळी ऑनलाइन बाजाराचं अॅप उघडतं आणि शोधाच्या चौकटीत malvani masala असं टाइप करतं. पडद्यावर पाकिटांच्या ओळी उमटतात. पहिल्या काही पाकिटांजवळ बारीक करड्या अक्षरांत एक शब्द असतो: Sponsored. घाईत तो कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातल्या एका पाकिटावर बोट टेकतं आणि त्याच क्षणी कुडाळजवळच्या एका घरगुती उद्योगाच्या खात्यातून सात रुपये वजा होतात. मसाला घेतला तरी सात आणि नुसता फोटो पाहून माणूस मागे फिरला तरी सातच.

हे सात रुपये कुठून आले, ते परत कधी मिळतात आणि परत मिळाले असं वाटत असताना प्रत्यक्षात मिळालेलेच नसतात ते कधी, याचा हिशेब या लेखात मांडतो. त्यासाठी कुडाळकडच्या दोन जावांचं उदाहरण घेतलं आहे. थोरली मसाला करते. धाकटी फोन, पॅकिंग आणि वही सांभाळते. उदाहरणातले आकडे हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून मी बसवलेले आहेत. मात्र जाहिरातीची आणि हिशेबाची रीत बाजारात चालते तीच आहे.

आधी सात रुपयांबद्दल. वरच्या ओळीतल्या जागेला ठरलेला भाव नसतो. कुणी शब्द टाइप करून शोध घेतला की त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो. मालवणी मसाला विकणाऱ्या दहा जणांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं की या शब्दावर एका क्लिकला मी जास्तीत जास्त इतके रुपये देईन. यालाच बोली म्हणतात. नुसती मोठी बोली लावून जागा मिळत नाही. हे पाकीट दिसल्यावर लोक त्यावर बोट ठेवतील का, ते विकत घेतील का, याचा अंदाजही बाजार धरतो. जिंकणाऱ्याला साधारणपणे आपली पूर्ण बोली मोजावी लागत नाही, खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतीच रक्कम जाते. शोधाच्या निकालातली जागा अशी क्लिकच्या भावाने विकण्याची कल्पना अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने 1998 मध्ये धंद्यात उतरवली. गूगलने ती मोठी केली आणि अॅमेझॉनने 2012 मध्ये आपल्या विक्रेत्यांसाठी Sponsored Products या नावाने सुरू केली. 2024 या एका वर्षात अॅमेझॉनला जाहिरातींतून सुमारे 56 अब्ज डॉलर मिळाले. ज्याच्या जागेवर आपण माल विकतो त्यालाच आपल्या जाहिरातीतूनही मिळकत होते आणि जाहिरातीचा अहवालही तोच लिहून देतो. तो अहवाल खोटा नसतो, पण त्यातला प्रश्न त्याचा असतो. आपला प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

जावांचं अर्धा किलोचं पाकीट 450 रुपयांना जातं. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ, भाजण्याचा गॅस, डंकावरचं कुटणं आणि हाताखालच्या बायकांची मजुरी मिळून 170 रुपये. पाऊच, डबा आणि चिकटपट्टीचे 20. पाच टक्क्यांच्या जीएसटीचे 450 मधले साधारण 21. बाजाराचं कमिशन, इतर शुल्क आणि कुरिअर मिळून 110. काही पाकिटं फाटून परत येतात, काहींवर पत्ता सापडला नाही असा शेरा पडतो. हे नुकसान सगळ्या पाकिटांवर वाटलं तर पाकिटामागे 9 रुपये येतात. बेरीज 330. हातात 120 राहतात.

जाहिरातीच्या हिशेबाचा पाया हे 120 रुपये आहेत, विक्रीचे 450 नव्हेत. बरेच छोटे विक्रेते इथेच चुकतात. साडेचारशेची विक्री दिसते म्हणून तिच्यासाठी दीडशे घालवायला ते तयार होतात आणि महिनाअखेर बँकेतली शिल्लक कमी का, हे त्यांना कळत नाही. परत येणाऱ्या पाकिटांचे नऊ रुपये तर बहुतेकांच्या वहीत नसतातच.

या 120 वरून एका क्लिकला किती मोजणं परवडतं ते काढता येतं. जाहिरातीवर बोट ठेवणाऱ्या 100 जणांपैकी 8 जण मसाला घेतात असं धरू. 100 क्लिकांतून 8 पाकिटं, म्हणजे 960 रुपये. तेव्हा एका क्लिकला जास्तीत जास्त 9 रुपये 60 पैसे परवडतील. त्यावर पदरचे जातात, खाली काहीतरी उरतं. जाहिरातीच्या पडद्यावर हाच हिशेब टक्क्यांत असतो. ACOS नावाच्या रकान्यात खर्च हा जाहिरातीतून आलेल्या विक्रीच्या किती टक्के झाला ते लिहिलेलं असतं. जावांसाठी 450 पैकी 120 म्हणजे सुमारे 27 टक्के ही काठावरची रेघ. दुसऱ्या विक्रेत्याची रेघ वेगळी असेल. म्हणून ‘ACOS वीसच्या खाली ठेवा’ असा सरसकट सल्ला कुणी दिला तर आधी त्याला आपल्या पाकिटात किती उरतात ते विचारायला लावावं.

जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्या विक्रेत्याला तो आपल्या करातून वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्याला ती सोय नाही, त्यामुळे त्याचा सहा रुपयांचा क्लिक खरं तर सात रुपये आठ पैशांना पडतो.

शंभरात आठ हा आकडा मात्र पहिल्या दिवशी कुणाला माहीत नसतो आणि तो कळेपर्यंत धीर धरणं अवघड जातं. खरं प्रमाण शंभरात आठ असलं तरी पहिल्या 20 क्लिकांत एकही पाकीट न जाण्याची वेळ पाचातून एकदा केवळ योगायोगाने येते. वीस क्लिक फुकट गेले म्हणून शब्द बंद करणं हा घाईचा निकाल आहे. 50 क्लिकांत काहीच गेलं नाही, तर मात्र गडबड आहे असं समजायला हरकत नाही. योगायोगाने तसं घडण्याची शक्यता शंभरात एक-दोनच उरते.

आता जावांच्या महिन्याचा अहवाल पाहू. हजार क्लिक, सहा हजार रुपये खर्च, जाहिरातीतून 80 ऑर्डरी, 36 हजारांची विक्री. ACOS सतरा टक्क्यांच्या आत, काठापासून चांगला लांब. धाकटी आनंदाने म्हणाली, “वहिनी, सहा हजार घातले नि छत्तीस हजारांची विक्री आली!” थोरलीने मिरचीचा देठ काढता काढता विचारलं, “अगो, पण हातात किती रवले?” धाकटीने 80 ला 120 ने गुणलं, सहा हजार वजा केले आणि 3,600 असं उत्तर दिलं.

थोरलीचा प्रश्न योग्यच होता. धाकटीचं उत्तर मात्र एका गृहीतावर उभं होतं आणि ते गृहीत अहवालात कुठेच लिहिलेलं नव्हतं. जाहिरातीमुळे 80 ऑर्डरी आल्या असं अहवाल म्हणत नाही. जाहिरातीवर क्लिक झाल्यानंतर ठरावीक दिवसांत 80 ऑर्डरी आल्या, एवढंच तो म्हणतो. अॅमेझॉनवर लहान विक्रेत्याच्या Sponsored Products साठी ही मुदत सात दिवसांची असते. मधल्या आठवड्यात त्या माणसाने जाहिरात नसती तरी घेतलंच असतं की नाही, हे अहवालाला कळण्याचा मार्गच नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजाराने स्वतःवर प्रयोग करून पाहिलं होतं. ईबे त्या काळी शोधयंत्रांवर स्वतःच्याच नावाच्या शोधासाठी पैसे मोजत असे. कुणी ebay असं टाइप केलं की सर्वांत वर ईबेची जाहिरात येई आणि तिच्या लगेच खाली ईबेचाच फुकटचा दुवा. मार्च 2012 मध्ये कंपनीने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर ही जाहिरात बंद केली आणि गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवली. जाहिरातीवर पडणारे क्लिक गेले, पण त्यांपैकी 99.5 टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून ईबेवर पोचलेच. मग इतर शब्दांचीही परीक्षा झाली. अमेरिकेच्या काही भागांत जाहिरात थांबवली, बाकी भागांत चालू ठेवली. जाहिरात थांबलेल्या भागांत विक्री जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटली. टॉम ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा यावरचा शोधनिबंध 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. जे नव्याने येत होते किंवा क्वचित खरेदी करत होते त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम होत होता. बहुतेक पैसा मात्र नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या क्लिकांवर जात होता आणि ते तसेही येणारच होते.

यावरून छोट्या विक्रेत्याने जाहिरात बंदच करावी असा अर्थ काढला तर तो चुकेल. ईबे सगळ्यांना माहीत होतं, कुडाळचा मसाला कुणाला माहीत नाही. जे पाकीट चौथ्या पानावर पडून आहे ते जाहिरातीशिवाय कुणाच्या नजरेलाच येणार नाही. म्हणून जावांसाठी जाहिरातीच्या ऑर्डरींतला जास्तीचा भाग ईबेपेक्षा बराच मोठा असणार. किती मोठा, हे त्यांना आपल्याच दुकानात मोजावं लागेल आणि त्याची पद्धत ईबेने केली तीच आहे: जाहिरात काही काळ बंद ठेवून एकूण विक्रीकडे पाहायचं.

यातला ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. जाहिरातीच्या पानावरचा आकडा विसरायचा आणि दुकानातल्या सगळ्या ऑर्डरी मोजायच्या, त्या कुठूनही आल्या असोत. धाकटीने आठ आठवडे ठरवले. एक आठवडा जाहिरात चालू, पुढचा बंद, परत चालू, परत बंद. आधीचा पूर्ण महिना आणि नंतरचा पूर्ण महिना अशी तुलना तिने मुद्दाम टाळली. मालवणी मसाल्याची मागणी पंचांगावर हलते. श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात ती वर उसळते, श्रावणात खाली येते, जून-जुलैत मासेमारीची बंदी असते आणि गणपतीनंतर चित्र पुन्हा बदलतं. जाहिरातीचा महिना आषाढात पडला आणि बंदचा श्रावणात, तर जाहिरातीला न कमावलेलं श्रेय मिळेल. एकाआड एक आठवडे घेतले की ही चढउतार दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी वाटली जाते. त्या आठ आठवड्यांत किंमत बदलायची नाही, कूपन लावायचं नाही, फोटो बदलायचा नाही आणि माल संपू द्यायचा नाही. माल संपला तर तो आठवडा बादच धरावा.

चालू आठवड्यांत एकूण ऑर्डरी 46, 41, 49 आणि 44 आल्या, म्हणजे 180. बंद आठवड्यांत 31, 38, 34 आणि 33, म्हणजे 136. फरक 44. चालू असलेल्या चार आठवड्यांत खर्च सहा हजारच झाला होता आणि जाहिरातीच्या अहवालात पुन्हा 80 ऑर्डरी होत्या. पण दुकानात जास्तीच्या आल्या 44. बाकीचे 36 जण जाहिरातीच्या दारातून आत आले इतकंच. दार बंद असताना ते दुसऱ्या दाराने आलेच. 44 ला 120 ने गुणलं तर 5,280 होतात आणि खर्च सहा हजार. 3,600 चा नफा 720 रुपयांच्या तोट्यात गेला. प्रत्येक जास्तीच्या पाकिटासाठी 136 रुपये मोजले गेले होते आणि पाकिटात उरत होते 120.

या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नये. ऑर्डरी नशिबानेही कमीजास्त होतात. अशा मोजणीत एका ठोकताळ्याचा उपयोग होतो: जेवढ्या ऑर्डरी, त्यांच्या वर्गमुळाइतका हेलकावा अगदी स्वाभाविक. आठवड्याला 45 ऑर्डरी असतील तर सहा-सात इकडेतिकडे होणारच. आपल्या प्रयोगात दोन्ही बाजू मिळून 316 ऑर्डरी आहेत, वर्गमूळ साधारण 18. म्हणजे खरा फरक 44 च्या आसपास 26 ते 62 पर्यंत कुठेही असू शकतो आणि साधारण तीनातून एकदा त्याबाहेरही जाईल. काठावर येण्यासाठी 50 ऑर्डरी हव्या होत्या. तेव्हा तोटा झालाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र अहवालातला 80 चा आकडा जास्तीच्या विक्रीचा असण्याची शक्यता फारच थोडी उरते आणि धाकटीला कळायला हवं होतं ते हेच. ज्याच्या आठवड्याला पाचच ऑर्डरी येतात त्याला या प्रयोगातून काही हाती लागणार नाही. त्याने क्लिकची कमाल किंमत काढावी आणि बोली त्याच्या पुष्कळ खाली ठेवावी.

प्रयोगाची आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. शनिवारी जाहिरात पाहिलेला माणूस मंगळवारी खरेदी करतो आणि तेव्हा बंदचा आठवडा सुरू झालेला असतो. शिवाय जास्त विकलं जाणारं पाकीट फुकटच्या निकालांतही हळूहळू वर सरकतं, तो फायदा बंद आठवड्यालाही मिळतो. या दोन्हींमुळे जाहिरातीचा परिणाम थोडा कमी दिसतो. प्रत्येक बंद आठवड्याचे पहिले दोन दिवस आणि तुलनेसाठी चालू आठवड्याचेही तेवढेच दिवस मोजणीतून वगळले, तर पहिली अडचण बरीच कमी होते. दुसरी राहते.

गळती कुठे होती, ते सर्च टर्म रिपोर्ट उघडल्यावर दिसलं. विक्रेत्याने निवडलेले शब्द एका बाजूला आणि लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द दुसऱ्या बाजूला, असं हे पान असतं. माझ्या मते अख्ख्या जाहिरात खात्यात याच्याइतकं उपयोगाचं दुसरं पान नाही आणि नवे विक्रेते तेच सर्वांत कमी उघडतात. malvani लिहिणारे आणि malwani लिहिणारे किती, हेही इथेच कळतं.

हजार क्लिकांचे सरळ तीन ढीग पडले. पहिला ढीग जावांच्या उद्योगाचंच नाव टाइप करणाऱ्यांचा: 200 क्लिक, चार रुपयांच्या दराने 800 रुपये, 36 ऑर्डरी. दुसरा ढीग मालवणी मसाला किंवा फिश करी मसाला असं शोधणाऱ्यांचा: 450 क्लिक, सात रुपयांनी 3,150, आणि 36 ऑर्डरी. तिसरा ढीग नुसता मसाला, गरम मसाला, चिकन मसाला असं काहीही शोधणाऱ्यांचा: 350 क्लिक, 2,050 रुपये आणि अवघ्या 8 ऑर्डरी.

अहवालाच्या हिशेबाने पहिला ढीग सोन्याचा होता. 36 पाकिटांचे 4,320, खर्च 800, उरले 3,520. महिन्याचा जवळजवळ सगळा नफा या एका ढिगातून आलेला दिसत होता. पण ज्याने उद्योगाचं नाव टाइप केलं तो आधीच त्यांचं गिऱ्हाईक होता किंवा कुणीतरी त्याला नाव सांगितलेलं होतं. धाकटीने नंतर फक्त हाच ढीग बंद ठेवून पाहिला, तेव्हा 36 पैकी 30 च्या आसपास ऑर्डरी खालच्या फुकटच्या पाकिटावरून आल्या. ईबेला जे दिसलं तेच इथे लहान प्रमाणात दिसलं. जास्तीच्या 6 ऑर्डरींचे 720 रुपये आले आणि 800 गेले. इथे एक गोष्ट तपासावी लागते. आपल्या नावाच्या शोधावर दुसरा मसालेवाला बोली लावून आपल्या वर बसतो का, ते स्वतः शोधून पाहावं. बसत असेल आणि ऑर्डरी खरोखर गळत असतील, तर स्वतःच्या नावावर थोडे पैसे घालणं योग्य ठरतं. नसेल तर नाही.

तिसऱ्या ढिगाची गोष्ट उलटी. तिथे आलेल्या आठही ऑर्डरी बहुधा खऱ्या अर्थाने जास्तीच्या होत्या; गरम मसाला शोधणारा माणूस कुडाळपर्यंत एरवी पोचलाच नसता. पण 350 क्लिकांत 8 म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन. त्या हिशेबाने एका क्लिकला पावणेतीन रुपयेच परवडत होते आणि जात होते पावणेसहा. 960 आले, 2,050 गेले. महिन्याचा तोटा मुख्यतः इथला होता, पण एकूण ACOS मध्ये पहिल्या ढिगाच्या चकाकीखाली तो झाकला गेला. बाजाराला आपण शब्द निवडायची मोकळीक दिली किंवा शब्द सैल जुळणीवर ठेवले की असे शोध गोळा होतात. उपाय सोपा आहे. ते शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून नोंदवायचे, म्हणजे त्या शोधांवर आपलं पाकीट जाहिरातीत येत नाही. धाकटीने ‘गरम’ आणि ‘चिकन’ हे दोन शब्द टाकले, त्यानेच ढीग अर्ध्याच्या वर उतरला.

राहिला मधला ढीग आणि खरा धंदा तिथेच होता. 36 पैकी तीसेक ऑर्डरी जास्तीच्या धरल्या तर 3,600 आले, 3,150 गेले. साडेचारशे रुपये उरले. रक्कम लहान आहे, पण हे गिऱ्हाईक नवं आहे आणि मसाला संपतो. तीसपैकी आठ-दहा जणांनी पुढच्या खेपेला उद्योगाचं नाव शोधून पाकीट घेतलं, तर त्या 120 रुपयांना जाहिरातीचा खर्च लागत नाही. मोबाइलचा स्टँड विकणाऱ्याला हा आधार नसतो. मसाला, लोणचं, साबण अशा संपणाऱ्या वस्तूंच्या विक्रेत्याने पहिल्या पाकिटावर काठाकाठाने राहिलं तरी चालतं. मात्र गिऱ्हाइकं खरंच परततात का, हे ऑर्डरींच्या यादीवरून आधी पडताळावं. परततील अशा आशेवर बोली वाढवू नये.

बोली वाढवण्याचा मोह मात्र याच टप्प्यावर होतो. मधला ढीग चांगला चाललाय, कमाल भाव 9 रुपये 60 पैसे आहे, आपण सातच देतोय, तर नऊ का देऊ नयेत? धाकटीने एक महिना ते करून पाहिलं. क्लिक 450 वरून 560 झाले, खर्च 3,150 वरून 5,040. सरासरी नऊ, म्हणजे अजून कमाल भावाच्या आत. पण वाढलेले क्लिक 110 आणि वाढलेला खर्च 1,890. नवा प्रत्येक क्लिक सतरा रुपयांना पडला होता. बोली वाढली की नव्या क्लिकांचाच भाव वाढत नाही, आधी सात रुपयांत मिळत होते त्या साडेचारशे क्लिकांसाठीही नऊ मोजावे लागतात. 110 क्लिकांतून नऊच ऑर्डरी वाढल्या. त्यांचे 1,080 आले. वाढीव खर्चाला वाढीव ऑर्डरींनी भागणं हा हिशेब कुठल्याही अहवालात तयार मिळत नाही, तो वहीत मागच्या महिन्याचे आकडे असतील तरच करता येतो. म्हणून बोली एकदम दोन रुपयांनी न हलवता पन्नास पैशांनी हलवावी, दोन-तीन आठवडे थांबावं आणि मगच पुढचं पाऊल टाकावं.

बोलीजवळच आणखी एक पर्याय असतो, तो न वाचता पुढे जाऊ नये. Dynamic bids - up and down निवडलं, तर विक्री होईल असं बाजाराला वाटल्यास तो वरच्या जागेसाठी आपली बोली दुपटीपर्यंत वाढवू शकतो. down only मध्ये तो फक्त कमी करतो. कमाल भाव 9 रुपये 60 पैसे काढून ठेवलेल्या माणसाला दुसराच पर्याय मानवतो.

जावांनी शेवटी आपल्या नावाची जाहिरात बंद केली, तिसरा ढीग निगेटिव्ह शब्दांनी आवळला आणि मधल्या ढिगाची बोली पुन्हा सातवर आणली. महिन्याचा खर्च सहा हजारांवरून साडेतीन हजारांच्या आसपास आला. जाहिरातीच्या पानावरच्या ऑर्डरी 80 वरून चाळीसवर उतरल्या आणि ACOS सतरावरून वीसच्या जवळ गेला. अहवालाकडेच पाहिलं असतं तर काहीतरी बिघडलं असं वाटलं असतं. दुकानातल्या एकूण ऑर्डरी मात्र आठवड्याला चाळीसच्या पुढेच राहिल्या.

वाचकांना एक विनंती आहे. ज्या छोट्या विक्रेत्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, त्याचं नाव टाइप करून तुम्ही त्याचा माल शोधलात, तर सर्वांत वर Sponsored लिहिलेलं त्याचं पाकीट दिसेल. त्यावर बोट ठेवू नका. बोटभर खाली सरका, बहुतेक वेळा तेच पाकीट तिथे पुन्हा असतं. किंमत तीच, माल तोच, आणि त्या क्लिकचे चार रुपये त्याच्याकडेच राहतात.